सुकाणू समिती: कोण बसतं, कोण ठरवतं, कुठपर्यंत ठरवतं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शंभर ते चारशे माणसांच्या संस्थांमधून गेल्या काही वर्षांत आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. त्यात काजू-आंबा प्रक्रिया करणारे आहेत, मासळी गोठवणारे आहेत, हॉटेलं चालवणारे आहेत. विचारणाऱ्यांची अडचण बहुतेक एकच निघते. समिती बनवली, बैठका होतात, चहा-पोहे होतात, पण ठेकेदार विचारतो "करू का?" तेव्हा हो म्हणायचं कोणी, हे कुणालाच माहीत नसतं.

बहुतेक उत्तरांत एकच उदाहरण वापरलं आहे. आंब्याचा पल्प डबाबंद करणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी धरू. नवी पल्प लाइन बसवायची आहे, ताशी २ टन फळाची. मंजूर खर्च ३ कोटी २० लाख. १ एप्रिलला चाचणी व्हायला हवी, कारण कॅनिंगचा हापूस एप्रिलच्या मध्यापासून येऊ लागतो आणि जूनच्या पहिल्या सरीनंतर संपतो. आकडे सोयीसाठी घेतले आहेत.

१. संचालक मंडळ आहे, प्रकल्प व्यवस्थापक आहे. मग मध्ये ही सुकाणू समिती कशाला?

मंडळ तीन महिन्यांनी भेटतं आणि व्यवस्थापक रोज साइटवर असतो. या दोघांच्या मध्ये असे निर्णय पडतात जे व्यवस्थापकाला झेपत नाहीत आणि मंडळापर्यंत न्यावेत इतके मोठेही नसतात. खर्च थोडा वाढला, तारीख आठवडाभर हलली, उत्पादन विभागाला एक हवं आणि खरेदी विभागाला दुसरं. एवढ्यासाठीच समिती.

नाव मात्र फसवं आहे. होडीत सुकाणू तांडेलाच्या हातात असतं. इथे तांडेल म्हणजे प्रकल्प व्यवस्थापक. समितीने कुठे जायचं आणि किती डिझेल जाळायचं ते सांगावं, प्रत्येक लाटेला हात घालू नये. जी समिती दर आठवड्याला बसून नट-बोल्टची चर्चा करते, तिने व्यवस्थापकाचं काम घेतलं आणि स्वतःचं सोडलं असं समजावं.

२. आमच्या समितीत अकरा जण आहेत. जास्त झाले का?

झाले. निर्णयासाठी तीन बाजू लागतात. ब्रिटिश सरकारने १९९६ साली आणलेल्या प्रिन्स-टू या प्रकल्प चालवायच्या पद्धतीत या तीन भूमिका नेमून दिल्या आहेत, आणि मध्यम आकाराच्या संस्थेला त्या पुरतात. एक, ज्याचा पैसा आणि ज्याचं उत्तरदायित्व तो, म्हणजे प्रायोजक. दोन, जो तयार झालेली वस्तू वापरणार तो. आपल्या उदाहरणात उत्पादन प्रमुख. तीन, जो ती वस्तू उभी करून देणाऱ्यांची बाजू मांडतो तो. आपल्याकडे हे काम बहुधा देखभाल किंवा खरेदी प्रमुखाकडे जातं. चौथा म्हणून हिशेबाचा माणूस हवा, कारण बँकेचा हप्ता त्यालाच दिसतो.

बाकीच्या सात जणांना इतिवृत्त पाठवा. लागेल त्या मुद्द्यापुरतं बोलवा आणि मुद्दा संपला की मोकळं करा. कुणाला वाईट वाटेल म्हणून खुर्ची दिली, की ती खुर्ची प्रकल्प संपेपर्यंत बोलत राहते.

प्रकल्प व्यवस्थापक बैठकीत असतो पण समितीचा सदस्य नसतो. तो अहवाल देतो आणि पर्याय मांडतो. स्वतःच्या मागणीवर स्वतःच मंजुरी देणं बरं दिसत नाही.

३. प्रायोजक मालकच असावेत का?

मालकांना वेळ असेल तर हो. पण "दादा मुंबईला आहेत, आले की विचारू" ही पद्धत असेल तर नको. प्रायोजकाकडे दोन गोष्टी हव्यात: समितीच्या मर्यादेपर्यंत पैसे मंजूर करायचा लेखी अधिकार आणि दोन दिवसांत उत्तर द्यायची तयारी. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा दुर्मीळ आहे. कार्यकारी संचालक किंवा घरातली पुढची पिढी हे काम नीट करू शकते, फक्त मालकांनी अधिकार पत्रावर द्यावा आणि दिल्यावर परत ओढू नये (प्रश्न १० पाहा).

४. समितीत मतदान होतं का? दोन-दोन झालं तर?

मतदान नसावं. ऐकायचं सगळ्यांचं, ठरवायचं प्रायोजकाने. याचं कारण व्यवहाराचं आहे. पल्प लाइन फसली तर मंडळ चार जणांना नाही, एकालाच विचारणार आहे. उत्तर द्यायचं एकाने आणि हात वर करायचे चौघांनी, असं झालं की कुणीच जबाबदार राहत नाही.

एक अपवाद ठेवा. वापरणारा, म्हणजे उत्पादन प्रमुख, "ही वस्तू मी ताब्यात घेणार नाही" म्हणाला तर प्रायोजकाने एकट्याने पुढे जाऊ नये. तो मुद्दा मंडळाकडे न्यावा. न चालणारं यंत्र वेळेत बसवून उपयोग नाही. असा विरोध इतिवृत्तात कारणासह लिहायचा. "मला आधीपासूनच पटलं नव्हतं" हे नंतर पारावर सांगितलेलं धरायचं नाही.

५. व्यवस्थापकाने काय स्वतः ठरवावं आणि काय समितीकडे न्यावं?

इथे मोघम भाषा टाळा. "महत्त्वाचे निर्णय समिती घेईल" असं लिहिलं तर महत्त्वाचं काय यावरच भांडण होईल. आकडे लिहा. आपल्या उदाहरणात असं लिहिता येईल:

मंजूर रकमेच्या २ टक्के, म्हणजे ६ लाख ४० हजारांपर्यंतची एकूण वाढ आणि ५ दिवसांपर्यंतचा एकूण उशीर व्यवस्थापक स्वतः ठरवेल आणि नोंदवेल. ५ टक्के, म्हणजे १६ लाखांपर्यंतची एकूण वाढ आणि १४ दिवसांपर्यंतचा उशीर समिती ठरवेल. त्यापुढे मंडळ. व्यवस्थापकाचे ६ लाख ४० हजार समितीच्या १६ लाखांतलेच असतात, त्याला जोडून नव्हे.

या मोकळीकीला मी मुभा म्हणतो. आणि एक तिसरी रेघ पैशांची नसते: ताशी २ टन क्षमता, डबे निर्जंतुक करणारे दोन रिटॉर्ट, आणि मंडळाला दाखवलेला फायदा. यातलं काही बदलणार असेल तर खर्च एक रुपयाही वाढला नाही तरी निर्णय वरच जातो. ही रेघ लोक विसरतात. तिचं काय होतं ते प्रश्न ७ च्या शेवटी दिसेल.

टक्के कुठून आणायचे? ठरीव आकडा नाही. कामाची खात्री जितकी कमी तितकी मुभा मोठी. तयार इमारतीत यंत्र बसवायचं असेल तर २ आणि ५ ठीक. जमीन खोदायची असेल तर थोडं वाढवा, कारण आपल्याकडे जांभ्याखाली काय निघेल ते खोदल्यावरच कळतं.

६. मर्यादा एकेका बिलाला लावायची की एकूण खर्चाला?

एकूणाला. आणि झालेल्या खर्चाला नाही, होणार असलेल्या खर्चाला.

एकेका बिलाला लावली तर काय होतं ते सांगतो. मर्यादा ५ लाखांची असेल तर ४ लाख ८० हजारांची बिलं येऊ लागतात. एकाच केबलचं काम "टप्पा १" आणि "टप्पा २" होतं. कुणी लबाड असतोच असं नाही. साइटवरच्या माणसाला काम पुढे ढकलायचं असतं, त्याला समितीची वाट बघायची नसते. पण मार्चमध्ये बेरीज केली की वाढ २५ लाखांची निघते आणि समितीने त्यातला एकही निर्णय घेतलेला नसतो. एकाच ठेकेदाराची, एकाच महिन्यातली, मर्यादेच्या जेमतेम खालची दोन-तीन बिलं दिसली की हिशेबाच्या माणसाने थांबून विचारावं.

"होणार असलेला खर्च" म्हणजे आजपर्यंतचा खर्च, दिलेल्या ऑर्डरी आणि उरलेल्या कामाचा ताजा अंदाज यांची बेरीज. व्यवस्थापकाने ती दर पंधरवड्याला करावी. मर्यादा ओलांडल्यावर कळवणं म्हणजे समितीला फक्त सही मागणं, कारण पर्याय तेव्हा संपलेले असतात.

७. मर्यादा ओलांडली जाणार असं दिसलं तर नेमकं काय करायचं?

उदाहरणानेच जाऊ.

नोव्हेंबरमध्ये विजेची केबल अंदाजापेक्षा लांब लागली, ४ लाख ५० हजारांची वाढ. व्यवस्थापकाच्या मुभेत बसतं. त्याने ठरवलं, नोंदवलं, समितीला पुढच्या बैठकीत सांगितलं. इथे मंजुरी मागायची गरज नव्हती.

डिसेंबरमध्ये सांडपाण्याच्या टाकीचा खड्डा खोदताना जांभा संपला आणि खाली काळा कातळ लागला. ब्रेकर लावावा लागणार, ८ लाख आणि ९ दिवस जादा. आता अंदाजित वाढ साडेबारा लाख. व्यवस्थापकाची रेघ ओलांडली, समितीची नाही. त्याने काम त्या खड्ड्यापुरतं थांबवलं आणि दोन दिवसांत एक पानाची टीप पाठवली. टिपेत अडचणीचं वर्णन चार ओळी आणि बाकी सगळे पर्याय. चांगली टीप अशीच असते.

पहिला पर्याय, खोदत राहणं: ८ लाख, ९ दिवस. दुसरा, टाकी उथळ आणि रुंद करणं: ३ लाख, ३ दिवस, पण फळांचे क्रेट उतरवायची जागा जाते. तिसरा, टाकी अर्धी जमिनीवर घेऊन पंप बसवणं: ४ लाख, ४ दिवस, आणि पंपाची वीज कायमची. दुसऱ्या-तिसऱ्या पर्यायात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे दिलेला नकाशा बदलतो, आणि सुधारित संमती कधी येईल ते आपल्या हातात नाही. शेवटी व्यवस्थापकाची शिफारस: पहिला.

बैठकीत खरेदी प्रमुख तिसऱ्याच्या बाजूचे होते, चार लाख वाचत होते. उत्पादन प्रमुखांनी विचारलं की संमती एप्रिलमध्ये आली तर एप्रिलचा आंबा कुठे न्यायचा. प्रायोजकांनी पहिला पर्याय घेतला. इतिवृत्तात तीन गोष्टी लिहिल्या: निर्णय, कारण ("नकाशा न बदलणे"), आणि उरलेली मुभा. समितीकडे साडेतीन लाख आणि ५ दिवस शिल्लक. त्यातले दीड लाख आणि २ दिवस व्यवस्थापकाला नव्याने दिले. ही शेवटची नोंद बहुतेक जण करत नाहीत, मग व्यवस्थापक जुन्याच ६ लाख ४० हजारांवर चालत राहतो.

जानेवारीत कळलं की वाफेच्या पाइपांचं इन्सुलेशन निविदेत धरलंच नव्हतं. ५ लाख. एकूण अंदाज साडेसतरा लाख, म्हणजे समितीचीही रेघ गेली. तेव्हा कुणीतरी तोडगा काढला: लेबल लावायचं यंत्र यंदा नको, ६ लाख वाचतील, वाढ साडेअकरावर येईल, मंडळाकडे जायलाच नको.

हिशेब बरोबर, निर्णय चुकीचा. मंडळाला दाखवलेल्या फायद्यात लेबलिंगची मजुरी वाचणार असं लिहिलं होतं. म्हणजे प्रश्न ५ मधली तिसरी रेघ ओलांडली जाते. समितीने दोन्ही पर्याय, यंत्र ठेवून जादा पैसे किंवा यंत्र पुढच्या वर्षी, शिफारशीसह मंडळाकडे पाठवायचे. आकड्याखाली राहण्यासाठी वस्तू गाळणं ही सगळ्यात सभ्य दिसणारी पळवाट आहे.

८. पुढची बैठक तीन आठवड्यांनी आहे आणि ठेकेदार उद्या उत्तर मागतो. काय करावं?

समितीच्या निर्णयासाठी बैठक हवीच असं नाही. आधीच ठरवून ठेवा: टीप मिळाल्यापासून दोन कामाच्या दिवसांत प्रायोजक फोनवर किंवा ईमेलवर निर्णय देईल, वापरणाऱ्याचं म्हणणं घेऊनच, आणि पुढच्या बैठकीत तो इतिवृत्तात येईल. व्हॉट्सॲपवरचा अंगठा निर्णय धरू नका. त्यातून "वाचलं" की "मंजूर" ते कळत नाही.

उत्तर आलंच नाही तर? गप्प राहणं म्हणजे होकार, असा नियम काही जण करतात. मला तो आवडत नाही. त्याऐवजी प्रायोजकाचा बदली माणूस नावासह नेमा. गणपतीत आणि शिमग्यात तो लागतोच.

धोक्याची गोष्ट वेगळी. भिंत कलली, बॉयलरजवळ गळती झाली, तर साइटवरच्या कुणीही काम थांबवावं. थांबवायला मर्यादा नसते. पुन्हा सुरू करायचा निर्णय मात्र व्यवस्थापकाच्या खाली नको.

९. मंडळाने सगळे अधिकार समितीला देऊन टाकले तर चालतं का?

सगळे नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७९(३) मध्ये काही अधिकार मंडळाने आपल्या बैठकीतच वापरायचे असं आहे, आणि कर्ज घेणं त्यात येतं. कर्जाचा अधिकार ठराव करून पुढे देता येतो, पण संचालकांच्या समितीला, व्यवस्थापकीय संचालकाला, कायद्याच्या अर्थाने मॅनेजर असलेल्याला किंवा कंपनीच्या प्रमुख अधिकाऱ्याला. आपल्या सुकाणू समितीत उत्पादन प्रमुख आणि हिशेबनीस बसतात, ते संचालक नाहीत. म्हणून ही समिती त्यात बसत नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा: वाढलेले पैसे कंपनीच्या हातातल्या रकमेतून जाणार असतील तर तो आतला, अधिकारपत्राचा प्रश्न. पण बँकेकडून मुदत कर्ज वाढवून घ्यावं लागणार असेल आणि मंडळाने तो अधिकार आधीच पुढे दिलेला नसेल, तर रक्कम कितीही लहान असो, मंडळाची बैठक लागते. व्हिडिओवर घेतली तरी चालते, फक्त कागद फिरवून सह्या घेतल्या तर चालत नाही. भागीदारी किंवा सहकारी संस्था असेल तर हे कलम लागू नाही; करारपत्र किंवा उपविधी काय म्हणतात ते बघा.

१०. मालक साइटवर येतात आणि थेट ठेकेदाराला "हे असं कर" सांगून जातात. त्यांना कोण अडवणार?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, आणि बहुतेक वेळा नाव न घालता.

अडवायला जाऊ नका. ठेकेदाराच्या करारात एक वाक्य घाला: व्यवस्थापकाच्या लेखी सूचनेशिवाय केलेल्या जादा कामाचं बिल दिलं जाणार नाही. मग मालकांनी काही सांगितलं की ठेकेदारच व्यवस्थापकाकडे येतो, कारण त्याचे पैसे अडकतात. व्यवस्थापक ती सूचना बदलाच्या वहीत लिहितो, खर्च आणि दिवस समोर घालतो आणि समितीकडे नेतो. मालकांना आपल्या सूचनेपुढे "२ लाख १० हजार, ४ दिवस" लिहिलेलं दिसलं की निम्म्या सूचना तेच मागे घेतात. उरलेल्या निम्म्या बऱ्याचदा चांगल्या असतात. चाळीस वर्षं कारखाना चालवलेल्या माणसाला काहीतरी दिसलेलं असतं.

११. समितीतल्या एकाचा मेहुणाच ठेकेदार आहे. कायद्याने तो नातेवाईक नाही म्हणतात. खरं का?

कंपनी कायद्यातल्या नातेवाइकांच्या यादीत जोडीदार, आई-वडील, मुलगा-सून, मुलगी-जावई आणि भाऊ-बहीण येतात, एकत्र हिंदू कुटुंबाचे सदस्यही येतात. मेहुणा आणि भाचा त्यात नाहीत. म्हणून कायदा मोडला नाही हे खरं असू शकतं. पण समितीला तेवढ्यावर थांबता येणार नाही, कारण इथल्या एका तालुक्यात ठेकेदार कुणाचातरी कुणीतरी असतोच.

समितीचा स्वतःचा नियम लिहा: नातं कसलंही असो, मुद्दा सुरू होण्याआधी सांगायचं, माहिती द्यायची असेल तर द्यायची आणि निर्णयाच्या वेळी बाहेर बसायचं. इतिवृत्तात "श्री. अमुक बाहेर गेले, श्री. अमुक परत आले" असं येऊ द्या. प्रायोजकाचंच नातं असेल तर तो मुद्दा मंडळाचा.

१२. यंत्र पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाला समितीत घ्यावं का?

आपल्या मुद्द्यापुरतं बोलवा, सदस्य करू नका. मुभा किती उरली आहे हे त्याला कळलं की पुढचं कोटेशन बरोबर तेवढ्याचं येतं.

१३. समिती नुसती नावाला आहे हे कसं ओळखायचं?

निर्णयांची वही उघडा. तीन रकाने बघा: प्रश्न कधी आला, निर्णय कधी झाला, कोणी घेतला. आला आणि झाला यांत सरासरी आठ-दहा दिवस जात असतील तर साइटवर तेवढे दिवस कुणीतरी थांबलंय किंवा, त्याहून वाईट, न विचारता पुढे गेलंय. "चर्चा झाली", "पुढील बैठकीत घ्यावे" एवढंच लिहिलेली इतिवृत्तं सलग दोनदा दिसली तर समितीकडे येणारे प्रश्न पर्यायांशिवाय येत आहेत. ते परत पाठवा. आणि वही पूर्ण कोरी असेल तर आनंदू नका. प्रश्न ६ परत वाचा आणि बिलं तपासा.

१४. प्रकल्प मध्येच थांबवायचा अधिकार समितीला आहे का?

तात्पुरता थांबवायचा आहे, कायमचा नाही. मंडळाने सुरू केलं ते मंडळानेच बंद करावं. समितीने दोन आकडे समोर ठेवायचे: इथून पुढे लागणारा खर्च आणि इथून पुढे मिळणारा फायदा. आतापर्यंत गेलेला पैसा त्या हिशेबात धरायचा नाही, तो दोन्हीकडे गेलेलाच आहे.

आपल्या उदाहरणात समितीने एक तारीख आधीच लिहून ठेवावी. ५ मार्चला अंदाजित चाचणी १५ एप्रिलच्या पुढे दिसत असेल तर यंदाचा हंगाम जुन्या लाइनवर घ्यायचा, तशी फळांची आणि डब्यांची ऑर्डर द्यायची, आणि नवी लाइन घाई न करता पावसाळ्यानंतर सुरू करायची. ही तारीख डिसेंबरात लिहिली तरच उपयोग. मार्चमध्ये सगळ्यांनाच वाटतं की होईल.

१५. समिती कधी बरखास्त करायची?

चाचणी झाली त्या दिवशी नाही. उत्पादन प्रमुखाने लाइन लेखी ताब्यात घेतली, ठेकेदारांची शेवटची बिलं आणि राखून ठेवलेली रक्कम कुणी सोडायची ते ठरलं, आणि वहीतले उघडे मुद्दे नावानिशी कुणाकडे गेले, की त्या बैठकीच्या इतिवृत्तात समिती संपल्याची नोंद करा. फायदा मिळाला की नाही हे एका हंगामानंतरच कळेल, म्हणून जूनअखेरचा तो एक अहवाल प्रायोजकाच्या नावावर ठेवा. लेबलच्या मजुरीचं काय झालं, ते त्यात येईल.